पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि घटलेलं वजन: उसण की मणक्याचा टीबी?

वैदेही_इचल

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिरांबद्दल विचारायचं आहे. वय ३४, इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. सायझिंगहून आलेले बीम मागावर चढवायचे, हे रोजचंच काम. दिवाळीनंतर त्यांची पाठ धरली. बरगड्या संपतात त्या उंचीला, मधोमध कण्यावर बोट ठेवून ते जागा दाखवतात. घरात सगळे म्हणाले उसण भरली असेल, बीम उचलताना लचकली असेल. शेक झाला, लेप झाला, एका हाडवैद्याकडून चोळून झालं, जवळच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. गोळी घेतली की चार-पाच तास बरं वाटतं, मग परत तेच. एक्सरे काढला, तो नॉर्मल आला. आता तीन महिने होत आलेत.

मला दोन गोष्टी खटकतायत. संध्याकाळी पाच-साडेपाचला त्यांना कणकण येते, हातपाय गार पडतात, चादर मागतात. पहाटे इतका घाम येतो की बनियन बदलावं लागतं. आणि वजन ६३ वरून ५५ वर आलंय, सासूबाईंनी दाभणाने पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं. डॉक्टर म्हणतात जेवण धड नाही, विश्रांती नाही, म्हणून असं होतंय. खोकला अजिबात नाही. कामामुळेच आहे का हे सगळं?

नेहा_कोथरूड

अगदी सेम! मलाही वर्षभर कंबर दुखत होती, डावा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत ओढायचा. सायटिका निघाला. गादी बदलली, लॅपटॉप उंचावर ठेवला, फिजिओने शिकवलेले व्यायाम केले आणि फरक पडला. दिरांना कापसाची कडक गादी द्या आणि वाकून उचलणं बंद करायला सांगा.

वैदेही_इचल

नेहा, धन्यवाद. पण त्यांचा पाय दुखत नाही गं. आणि आडवं झाल्यावरही थांबत नाही, उलट रात्री जास्त दुखतं. कूस बदलताना कण्हतात.

बाळासाहेब_क

ताई, टीबीची भीती कुणी घातली असेल तर मनातून काढा. टीबीला खोकला लागतो, बेडका पडतो. आमच्या चुलत्यांना होता, सगळं घर खोकल्याने जागं असायचं. शिवाय एक्सरे नॉर्मल आहे म्हणता. हाडात काही असतं तर दिसलं असतं. व्हिटॅमिन डी आणि बी-१२ तपासून घ्या, हल्ली सगळ्यांचंच कमी असतं.

कृष्णाकाठ

वैदेहीताई, मी अस्थिरोगाचा डॉक्टर. बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही वर जे लिहिलंय, आडवं झाल्यावरही थांबत नाही, रात्री जास्त दुखतं, ते वाचून हे उसणीचं दुखणं नाही असं मी धरून चालेन.

उसण भरलेला माणूस बहुतेक वेळा दिवस सांगतो: अमुक दिवशी अमुक उचललं आणि चमक भरली. दुखणं कण्याच्या बाजूच्या स्नायूत असतं, एका अंगाला जास्त असतं. वाकलं की दुखतं, पाठ टेकली की सुटतं. औषध घ्या न घ्या, दोन-तीन आठवड्यांत उतार पडायला लागतो आणि महिना-दीड महिन्यात माणूस कामाला लागतो. ओझ्याचं काम करणाऱ्याची पाठ वारंवार दुखेल, पण मध्ये बरी होईल. तीन महिने चढतच जाणारं दुखणं, तेही मधोमध कण्याच्या हाडावर, आणि सोबत ताप, घाम, आठ किलो वजन घटलेलं. स्नायू लचकून वजन घटत नाही.

बाळासाहेब, खोकला लागतो तो फुप्फुसाच्या टीबीला. मणक्यात जंतू रक्तातून येऊन बसतात आणि छाती साफ असलेले असे रुग्ण मी भरपूर पाहिलेत. एक्सरेचं म्हणाल तर मणक्यातला तिसरा हिस्सा ते निम्मं खनिज झिजून जाईपर्यंत साध्या एक्सरेत काही दिसत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतला नॉर्मल एक्सरे दिलासा म्हणून धरू नये. कितीतरी रुग्णांच्या फायलीत मला असा एक नॉर्मल एक्सरे सापडायचा, आणि त्याच्याच भरवशावर पुढचे दोन महिने गेलेले असायचे.

मात्र हा टीबीच आहे असं मी इथून म्हणणार नाही. पू करणारे दुसरे जंतू, कॅन्सर, जनावरांपासून येणारा एक ताप, असं आणखी काही यात असू शकतं. या आठवड्यात तीन गोष्टी करा. रक्ताचा सीबीसी, ईएसआर, सीआरपी आणि साखर. छातीचा एक्सरे. आणि संपूर्ण कण्याचा एमआरआय, कारण काही वेळा दोन वेगळ्या जागी रोग असतो आणि दुखते ती एकच. टीबीसाठी म्हणून कुणी रक्तातली आयजीजी-आयजीएम तपासणी लिहून दिली तर ती करू नका. तिच्यावर भारतात २०१२ पासून बंदी आहे.

आता पायांबद्दल. त्यांना रोज घरात अनवाणी दहा पावलं चालायला लावा आणि बघत राहा. चालताना पाऊल अडखळतंय का, पाय ताठ पडतायत का, पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही असं होतंय का. लघवी सुरू व्हायला वेळ लागतोय का, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आहे का. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. पायातली ताकद कमी होत असताना उपचार मिळाले तर ती बहुतेकदा परत येते. पाय पूर्ण लुळे पडून बरेच दिवस गेले की तशी खात्री देता येत नाही. आणि चोळणं, मणका बसवणं आजपासून बंद.

वैदेही_इचल

डॉक्टर, मनापासून आभार. ताप मोजला होता. सकाळी नसतो, संध्याकाळीही कधी ९९ तर कधी काहीच नाही. म्हणून जवळचे डॉक्टर म्हणाले की ताप नाहीच, भास आहे.

कृष्णाकाठ

गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. पाठदुखीच्या बहुतेक गोळ्यांत ॲसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅकबरोबर पॅरासिटामॉल असतं. दुपारच्या जेवणावर ती गोळी घेतली की संध्याकाळचा ताप दबतो, मग अंग मोडून येतं, घाम फुटतो, पण थर्मामीटर काही दाखवत नाही. त्यांना सोसवत असेल तर दोन दिवस दुपारची गोळी वगळा आणि चार, सहा, आठ वाजता ताप मोजून वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणि ताप नसला म्हणून टीबी नाही असंही होत नाही. मणक्याच्या टीबीत पुष्कळांना ताप येतच नाही, नुसतं दुखतं. तुमच्याकडे तो आहे, म्हणून संशय लवकर तरी आला.

मोगरा_कराड

वैदेही, मला हाच आजार झाला होता, २०१६ मध्ये. आता ठणठणीत आहे, हे आधी सांगते.

माझं कंबरेत खाली दुखायचं. शेतावर खुरपणीला वाकून वाकून झालं असेल असंच सगळे म्हणत. ताप मला कधीच आला नाही. काही महिन्यांनी उजव्या जांघेत गाठ आली, मऊ, न दुखणारी, लालसरही नाही. एका दवाखान्यात तिला हर्निया ठरवून ऑपरेशनची तारीखही दिली. तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बघितलं की मी उजवा पाय सरळ करूच शकत नाही, गुडघ्यात दुमडूनच झोपते. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. मणक्यातला पू आतल्या स्नायूच्या कडेने खाली जांघेपर्यंत उतरला होता.

त्यामुळे भावजींचं पोट, जांघ, बरगड्यांची मागची बाजू हात फिरवून बघा, कुठे फुगवटा आहे का. न दुखणाऱ्या गाठीकडे आपण लक्षच देत नाही.

गोठा_फलटण

डॉक्टरसाहेबांनी जनावरांच्या तापाचं नुसतं नाव घेतलं, त्यावर थोडं लिहितो. आमच्या वस्तीवर एकाला अगदी असंच होतं. संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर धरलेली. एमआरआयवर टीबीच म्हणाले आणि गोळ्या चालू केल्या. थोडं बरं वाटलं, मग परत पहिल्यासारखं. शेवटी ब्रुसेलोसिस निघाला. त्याच्या म्हशीचा गर्भ पडला होता आणि जार त्याने हातमोजे न घालता काढला होता. तुमच्याकडे जनावरं आहेत का? धारोष्ण दूध पितात का?

कृष्णाकाठ

गोठा, फार कामाचं लिहिलंत. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, त्यामुळे तुमच्या माणसाला सुरुवातीला बरं वाटलं. गोळ्यांनी बरं वाटलं म्हणजे टीबीच होता, असा निष्कर्ष काढता येत नाही तो यामुळेच. ब्रुसेलाची तपासणी साध्या रक्तावर होते. वैदेहीताई, घरात जनावरं असतील तर ती आवर्जून करून घ्या.

वैदेही_इचल

माहेरी म्हशी आहेत, सासरी नाहीत. दूध डेअरीचं, उकळूनच घेतो.

एमआरआय झाला. डी-११ आणि डी-१२ असे दोन शेजारचे मणके धरलेत, मधली चकती थोडी वाचलीय, दोन्ही बाजूंना पू साठलाय आणि मज्जारज्जूवर किंचित दाब आहे असं लिहिलंय. ईएसआर ८६. साखर नॉर्मल, छातीचा एक्सरे साफ. रिपोर्टच्या शेवटी 'कॉक्स स्पाइन असण्याची शक्यता' आहे, म्हणजे मणक्याचा टीबी. पाय व्यवस्थित चालतायत. तिथले डॉक्टर म्हणतात सुईने तुकडा काढून तपासायचा, मगच औषध. सासूबाई घाबरल्यात. कण्यात सुई म्हणजे पाय जातील असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

रोखठोक

मी औषधांच्या धंद्यात आहे, त्यामुळे बोलतो. एमआरआयमध्ये इतकं स्पष्ट दिसतंय, ईएसआर वाढलाय, आपल्या देशात टीबी घरोघरी. मग बायोप्सी कशाला? दहा-पंधरा हजारांचा खर्च आणि रिपोर्टची वाट. बायोप्सी निगेटिव्ह आली तरी शेवटी टीबीच्याच गोळ्या देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं मत, उद्यापासून गोळ्या चालू करा. उशीर महागात पडेल.

कृष्णाकाठ

रोखठोक, तुमचं निम्मं बरोबर आहे. पायातली ताकद जात असेल किंवा तुकडा काढणं शक्यच नसेल, तर चित्रावरून औषध सुरू करतात आणि तसं करणं योग्यच आहे. बायोप्सी निगेटिव्ह येते हेही खरं, कारण हाडात जंतू फार थोडे असतात.

पण या रुग्णाचे पाय चालतायत. चार दिवस थांबणं परवडतं आणि त्या चार दिवसांत हाताशी येईल ते नंतर मिळणार नाही. हा टीबी आहे का, आणि असेल तर कोणत्या औषधाला दाद देणारा आहे, हे दोन्ही त्या तुकड्यातूनच कळतं. रिफाम्पिसिनला न जुमानणारा टीबी असेल तर नेहमीच्या गोळ्या महिनोन्महिने खाऊन मणका खचत जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. एमआरआयमध्ये हे दिसत नाही. आणि गोळ्या आधी सुरू केल्या की नंतर काढलेल्या तुकड्यात जंतू वाढायची शक्यता कमी होते.

याच कारणासाठी एक गोष्ट तपासा. मधल्या काळात कुणी लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक दिलंय का? ते टीबीच्या जंतूंना अर्धवट मारतं. ताप उतरतो, आजार आत राहतो आणि तपासणी फसते. दिलं असेल तर बायोप्सी करणाऱ्यांना सांगा.

सासूबाईंना सांगा, सुई मज्जारज्जूकडे नेत नाहीत. सीटी स्कॅनवर बघत बघत बाजूने हाडात किंवा पुवात नेतात. पालथं झोपवून, जागा बधिर करून. धोका शून्य नाही, पण त्यांना सांगितलंय तसा नाही.

सतीश_उपचार_पर्यवेक्षक

मी तालुक्याच्या क्षयरोग पथकात काम करतो. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिलीय, आणि ती चुकली की सगळं मुसळ केरात.

तुकडा काढला की सवयीने सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. त्या बाटलीतून सूक्ष्मदर्शकाची पेशी-तपासणी होते, पण कल्चर होत नाही आणि सीबीनॅटलाही तो नमुना चालत नाही. आमच्याकडे असे नमुने येतात आणि परत पाठवावे लागतात. रुग्णाला पुन्हा सुई. म्हणून बायोप्सीच्या आधीच विचारा: एक बाटली फॉर्मॅलिनची आणि एक साध्या सलाइनची, अशा दोन तयार आहेत का? सलाइनची बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत गेली पाहिजे. पू निघाला तर तोही सलाइनच्या बाजूला.

सीबीनॅटचं यंत्र दोन तासांत उत्तर देतं, टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत आहे, नमुना खाजगीत काढलेला असला तरी. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात.

वैदेही_इचल

बायोप्सी झाली. सतीशदादा, दोन बाटल्यांचं मी विचारलं तेव्हा तिथल्या सिस्टरनी सलाइनची बाटली मागवून घेतली. आधी एकच ठेवली होती. रात्री पाय हलवून बघितले, सगळं ठीक. लिव्होफ्लॉक्सासिन पाच दिवस दिलेलं होतं, जानेवारीत. डॉक्टरांनी नोंद करून घेतली.

सीबीनॅट पॉझिटिव्ह आली. रिफाम्पिसिन चालणार आहे. पेशी-तपासणीतही टीबीच. ब्रुसेला निगेटिव्ह. कल्चर बाकी आहे.

गोळ्या सुरू झाल्या. आता घरातला प्रश्न असा की दोन लहान मुलं आहेत, सासूबाईंनी भावजींचं ताट-वाटी वेगळी काढली आहे. गरज आहे का?

सतीश_उपचार_पर्यवेक्षक

ताट परत घरात घ्या. छाती साफ आहे, मणक्यातले जंतू हवेत जात नाहीत. घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी मात्र करून घ्या, कारण रुग्णाला टीबी कुणाकडून तरी लागलाय आणि ते माणूस घरातलं असू शकतं. कुणाला बरेच दिवस खोकला असेल, म्हाताऱ्या माणसांना विशेषतः, तर त्यांचा बेडका तपासायला द्या.

औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीवर नाव चढलं की पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात, त्यासाठी खात्याचा तपशील द्यावा लागतो. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, म्हणून वजन वाढलं की केंद्रात सांगा. लघवी केशरी होईल, घाबरू नका. पण डोळे पिवळे, सतत मळमळ, अन्नावरची वासना गेली, किंवा दिसायला अंधूक, लाल-हिरवा रंग ओळखता येईना, असं झालं तर पुढच्या गोळीआधी फोन करा.

मोगरा_कराड

एक सांगू का, तीन महिन्यांनी घाबरायची वेळ येते, त्याची तयारी ठेव. माझं दुखणं कमी झालं होतं, वजन वाढत होतं, आणि एमआरआय मात्र आधीपेक्षा वाईट दिसत होता. एका डॉक्टरांनी औषधं बदलायला सांगितली. दुसऱ्यांनी सांगितलं की भूक, वजन, दुखणं आणि ईएसआर बघा, चित्राला थोडा वेळ द्या. मी दुसऱ्यांचं ऐकलं. वर्षाने चित्रही सुधारलं.

कृष्णाकाठ

हाड सुधारताना एमआरआय महिनोन्महिने मागे रेंगाळतो, म्हणून मोगराताईंचं बरोबर ठरलं. पण सरसकट तसंच धरू नका. दुखणं परत वाढलं, ताप परत आला, पाठीत नवा उंचवटा हाताला लागला किंवा पाय जड झाले, तर चित्राचं ऐकायचं आणि कल्चरचा रिपोर्ट पुन्हा काढून बघायचा.

रोखठोक

डॉक्टर, कोर्स किती? कुणी नऊ महिने म्हणतं, कुणी बारा, माझ्या ओळखीत एकाला अठरा दिले.

कृष्णाकाठ

आपल्याकडचा नियम बारा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे दहा महिने तीन. बाराव्या महिन्यात पुन्हा बघून गरज वाटली तर अठरापर्यंत नेतात. कुणाला न्यायचं यावर आम्हा डॉक्टरांत एकमत नाही. मी स्वतः रुग्णाचं दुखणं गेलंय का आणि हाड जुळून आलंय का यावर ठरवायचो. माझे काही सहकारी एमआरआयमध्ये थोडी सूज उरली तरी वाढवायचे.

वैदेही_इचल

महिना झाला. संध्याकाळची कणकण गेली, घाम थांबला. वजन ५७. पाठ अजून दुखते, पण रात्री झोप लागते. कंबरपट्टा बांधून घरात चालतात. मालक विचारतायत कधी येणार. बीम उचलायला परत जाता येईल का कधी?

कृष्णाकाठ

कोर्स संपून मणके जुळल्याचं दिसेपर्यंत बीम नाही. मऊ पडलेल्या मणक्यावर ओझं आलं तर तो पुढून चेपतो आणि कुबड येतं. त्यानंतरचं मी आज सांगू शकत नाही. डी-११, डी-१२ ही जागा हालचालीची आहे, तिथे किती वाक राहतो त्यावर आहे. तीन महिन्यांनी उभं राहून एक्सरे काढा आणि आताच्या एक्सरेशेजारी ठेवून कोन मोजायला सांगा.

मोगरा_कराड

मी दीड वर्षाने शेतात गेले, पण खुरपणी बसून करते, पाटी उचलत नाही. जॉबरला मागाची जुळणी, दुरुस्ती अशी न उचलायची कामंही असतात ना? मालकांशी आत्ताच त्यावर बोला.

वैदेही_इचल

बोलते. कल्चरचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आहे, आला की इथे लिहिते.